४४एडीएची मर्यादा, रोखीचे पाच टक्के आणि १३९(९) ची नोटीस

प्रश्न: मी सांगलीत आर्किटेक्ट आहे. २०२४-२५ या वर्षाचा आयटीआर-४ कलम ४४एडीएच्या अंदाजित उत्पन्नाच्या योजनेखाली भरला. जमा ४९.५० लाख दाखवली, निम्मं उत्पन्न धरलं, ६७,२०० रुपयांचा रिफंड येणार होता. आता १३९(९) ची नोटीस आली आहे की २६एएस या टीडीएसच्या विवरणात फी ५१.७० लाख दिसते, ती दाखवलेल्या जमेपेक्षा आणि ५० लाखांच्या मर्यादेपेक्षाही जास्त आहे, म्हणून रिटर्न सदोष. त्या ५१.७० मध्ये एका बिल्डरचा जीएसटी धरला गेलाय आणि साखर कारखान्याचं मार्चचं बिल मला मे महिन्यात मिळालंय. मित्र म्हणतो मर्यादा आता ७५ लाख आहे, घाबरू नकोस. बंगल्याच्या कामांची फी मात्र टीडीएसशिवाय येते, काही रोखीतही. त्यातली थोडीच रिटर्नमध्ये दाखवली आहे. पंधरा दिवसांची मुदत आहे. नोटीस अमान्य करून उत्तर देऊ का?

उत्तर:

नोटीस अमान्य करता येईल असा मुद्दा तुमच्याकडे खरंच आहे, आणि नेमका तोच तुम्हाला अडचणीत आणेल. तुम्ही नंतर पाठवलेल्या बिलांच्या यादीवरून आकडे मांडतो, म्हणजे मी असं का म्हणतोय ते दिसेल.

२६एएसमधल्या ५१.७० लाखांत तीन नावं आहेत. बिल्डरचे १७.७० लाख, शिक्षणसंस्थेचे २२ लाख आणि कारखान्याचे १२ लाख. बिल्डरला तुमचं बिल १५ लाख फी आणि १८ टक्क्यांनी २.७० लाख जीएसटी असं होतं. त्याच्या अकाउंटंटनं सगळ्या १७.७० लाखांवर दहा टक्के कापले. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर त्यावर टीडीएस कापायचा नाही, हे सीबीडीटीनं २०१७ च्या २३ क्रमांकाच्या परिपत्रकातच सांगितलंय, पण आपल्याकडचे निम्मे अकाउंटंट अजून बिलाच्या एकूण रकमेवरच हिशोब करतात. तुमची खरी फी १५ लाख. जीएसटी तुम्ही सरकारसाठी गोळा केला आणि भरला, ती तुमची कमाई नव्हे.

कारखान्यानं ३ लाखांचं बिल ३१ मार्चला खात्यात टाकलं, टीडीएस कापला आणि पैसे मे २०२५ मध्ये दिले. तुम्ही दरवर्षी पैसे हातात आल्यावर उत्पन्न धरता, म्हणजे रोख पद्धतीनं हिशोब ठेवता. ती पद्धत सातत्यानं पाळली असेल तर हे ३ लाख पुढच्या वर्षाचे. त्यांच्यावरचे ३०,००० टीडीएसही नियम ३७बीए प्रमाणे पुढच्या वर्षी घ्यायचे. यंदा रिटर्नच्या टीडीएस तक्त्यात ते पुढे ओढलेले दाखवायचे. तुम्ही मात्र पूर्ण ५.१७ लाखांचं क्रेडिट यंदाच मागितलंत आणि त्यावरची फी दाखवली नाहीत. संगणकाला नेमकं हेच खटकतं.

तर २६एएसमधली खरी जमा १५ अधिक २२ अधिक ९, म्हणजे ४६ लाख. दाखवलेले ४९.५० लाख त्याहून जास्त. इथपर्यंत वाचून कुणीही म्हणेल की Disagree वर क्लिक करा, जीएसटीचं बिल आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा, काम फत्ते. कदाचित होईलही. पण तुमच्याच यादीत विश्रामबागेतले बंगले, तासगावच्या बागायतदारांची घरं आणि पलूसचं एक मंगल कार्यालय मिळून आणखी १०.४० लाखांची फी आहे, जीएसटी सोडून. यातले ६.१० लाख यूपीआय आणि बँकेतून आले, ४.३० लाख रोख. या मंडळींनी टीडीएस कापलेला नाही, म्हणून २६एएसला ते ठाऊक नाहीत. रिटर्नमध्ये यातले फक्त साडेतीन लाख गेले, कारण कुणाला तरी एकूण आकडा पन्नासच्या आत ठेवायचा होता. तुमची खरी जमा ५६.४० लाख आहे.

आता हा आकडा खात्याला कुठून कळणार, असं मनात येत असेल. तुम्ही जीएसटीत नोंदलेले आहात. जीएसटीआर-३बी या जीएसटी विवरणातली उलाढाल आयकर खात्याच्या एआयएस या वार्षिक माहिती विवरणात येते. बंगल्यांची बिलं तुम्ही जीएसटी लावूनच दिली आहेत. तिथे ५९.४० लाख दिसतील, म्हणजे ५६.४० आणि कारखान्याचं ३ लाखांचं मार्चचं बिल. लेखी उत्तरात ४९.५० बरोबर आहे असं सांगितलंत आणि वर्षभरानं कुणी दोन पडदे शेजारी ठेवून पाहिले, तर मग तो आकड्यांचा फरक राहत नाही, तुम्ही जाणूनबुजून चुकीची माहिती दिली असा अर्थ लागतो. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड त्यावरच्या कराच्या ५० टक्के, आणि खोटी माहिती देऊन कमी दाखवल्याचा २०० टक्के. कलम २७०ए मधल्या या दोन आकड्यांतलं अंतर तुमच्या या उत्तरावर ठरू शकतं. म्हणून मी Disagree करू देणार नाही.

तुमचा मित्र अर्धंच सांगतोय. २०२३-२४ पासून ४४एडीएची मर्यादा ५० वरून ७५ लाख झाली, हे खरं. पण वर्षभरात रोख मिळालेली रक्कम एकूण जमेच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तरच. तेवढी रोख ओलांडली की मर्यादा पुन्हा ५० लाख. अधलंमधलं काही नाही. आयटीआर-४ मध्ये रोख जमेचा रकाना वेगळा आहे, तो याचसाठी. तुमच्या ५६.४० लाखांचे पाच टक्के होतात २.८२ लाख. रोख आली ४.३० लाख. १.४८ लाखांनी तुम्ही योजनेच्या बाहेर आहात. कारखान्याचे ३ लाख याच वर्षात धरले, तरी ५९.४० चे पाच टक्के २.९७ लाख होतात. म्हणजे हिशोबाची पद्धत बदलूनही सुटका नाही.

रोख मोजताना लोक दोन ठिकाणी फसतात. बेदाण्याचे पैसे आले की शेतकरी तुमच्या खात्यात स्लिप भरून रोख रक्कम टाकतो आणि तुमच्या पासबुकात ती बँकेतली जमा म्हणून दिसते. ती रोखच. पैसे बँकेत पोचले यावर ते ठरत नाही, ग्राहकानं ते कसे दिले यावर ठरतं. दुसरं म्हणजे साधा, रेघा न मारलेला चेक. अकाउंट पेयी नसलेला चेक किंवा ड्राफ्ट कायद्यानंच रोख समजला जातो. तुमच्या ४.३० लाखांत स्लिपचे ८०,००० मी धरलेले आहेत. ते वगळले असते तरी ३.५० लाख उरतात, तेही २.८२ च्या वरच. यादी करताना एवढंही बघा की एखाद्या कामापोटी एकाच ग्राहकाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेतलेली नाही ना. तसं असेल तर कलम २६९एसटीचा वेगळा विषय निघतो आणि तिथला दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो. तुमच्या यादीत सर्वांत मोठी रोख १.४० लाखांची दिसते, ती ठीक आहे.

आता योजनेबाहेर गेल्यावर काय होतं ते पाहू. निम्मं उत्पन्न धरायची सोय गेली. प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा काढायचा, त्यासाठी पुस्तकं हवीत, आणि व्यवसायाची, म्हणजे प्रोफेशनची जमा ५० लाखांवर गेल्यामुळे कलम ४४एबी खाली ऑडिट हवं. बँकेतून व्यवहार असतील तर ऑडिटची मर्यादा दहा कोटी, असं कुणी सांगेल. ती धंद्यासाठी आहे. डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट यांना ती लागू नाही.

तुमच्या खर्चाची यादी अशी निघते. दोन ड्राफ्ट्समनचा पगार ९.६० लाख, स्ट्रक्चरल कन्सल्टंटला दिलेली फी ६.२० लाख, ऑफिसभाडं २.४० लाख, साइटचा प्रवास, प्रिंटिंग आणि सॉफ्टवेअर मिळून २ लाख, घसारा १.४० लाख. एकूण २१.६० लाख. नफा उरतो ३४.८० लाख.

यातला घसारा जपून घ्या. २०२१ च्या जुलैमध्ये घेतलेल्या ९ लाखांच्या गाडीवर यंदा पंधरा टक्क्यांनी १.३५ लाख घसारा मागायचा मोह होईल, कारण मधल्या तीन वर्षांत ४४एडीएमुळे तुम्ही घसारा मागितलाच नव्हता. कायदा असं मानतो की त्या वर्षांतही घसारा तुम्हाला मिळाला. तीन वर्षांचे पंधरा-पंधरा टक्के कागदोपत्री उतरवल्यावर गाडीची किंमत सुमारे ५.५३ लाख राहते, त्यावर यंदाचा घसारा सुमारे ८३,००० येतो. उरलेले ५७,००० संगणक आणि प्लॉटरचे. गाडी घरच्या कामालाही वापरत असाल तर ऑडिटर त्यातला काही भाग कापेल, त्याच्याशी वाद घालू नका.

नव्या करप्रणालीत २०२४-२५ च्या दरांनी ३४.८० लाखांवर सेससह कर ७,६३,३६० रुपये. त्यातून यंदाचा टीडीएस ४,८७,००० वजा. राहिले २,७६,३६०. म्हणजे ६७,२०० मिळायचे होते तिथे पावणेतीन लाखांवर भरायचे आहेत. त्यावर अॅडव्हान्स टॅक्स न भरल्याचं २३४बी चं व्याज एप्रिल २०२५ पासून दरमहा एक टक्का, साधारण २,७६३ रुपये. २३४सी चं व्याजही वाढतं. ४४एडीएवाल्याला अॅडव्हान्स टॅक्स १५ मार्चला एकरकमी भरायची मुभा असते, योजनेबाहेरच्याला जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे चार हप्ते. तुम्ही एकही भरलेला नाही, त्यामुळे हे व्याज चौदा हजारांच्या आसपास जाईल.

तुलनेसाठी एक आकडा मुद्दाम सांगतो. रोख २.८२ लाखांच्या आत असती, तर तुम्ही ५६.४० लाख दाखवून २८.२० लाख उत्पन्नावर ५,५७,४४० कर भरला असता. पुस्तकं नाहीत, ऑडिट नाही, फॉर्मही आयटीआर-४ च. त्या जास्तीच्या १.४८ लाख रोखीपायी नुसता कर २,०५,९२० रुपयांनी वाढला.

आता पंधरा दिवसांत करायचं काम. ते नोटिशीच्या तारखेपासून मोजायचे, तुम्ही मेल उघडलात त्या दिवसापासून नाही. एवढ्या अवधीत वर्षभराची पुस्तकं लिहून ऑडिट उरकणं अवघड आहे, म्हणून मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज करा. त्यात कारण सरळ लिहा की जमेची पडताळणी करता ४४एडीए लागू होत नाही असं आढळलं, पुस्तकं आणि ऑडिट अहवाल तयार करायला वेळ हवा. मुदतवाढ देणं अधिकाऱ्याच्या हातात आहे, त्यामुळे ती मिळालीच असं समजून बसू नका, काम आजपासून सुरू करा. उत्तर न देता मुदत गेली तर रिटर्न भरलंच नव्हतं असं धरलं जातं, आणि मग उशिराचं रिटर्नही नव्हे, थेट विनारिटर्न अशी अवस्था येते.

पुस्तकांचा बाऊ करू नका. तुमच्या आकाराच्या ऑफिसला रोजमेळ, खतावणी, बिलांच्या स्थळप्रती आणि खर्चाच्या मूळ पावत्या पुरतात. बँक स्टेटमेंट उतरवून घेतलं की ऐंशी टक्के काम होतं. खरी मेहनत रोजमेळात आहे. ४.३० लाख रोख कोणत्या तारखेला कुणाकडून आली, त्यातली किती बँकेत भरली, किती खर्च झाली, हे ओळीनं बसलं पाहिजे. एखाद्या दिवशी रोजमेळात शिल्लक उणे निघाली, तर त्याआधीची कुठली तरी रोख जमा लिहायची राहिली आहे असं समजा. ऑडिटर पहिल्यांदा तेच शोधतो. एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्चही वजावटीतून बाद होतो, सेंट्रिंगवाल्याला किंवा मॉडेल बनवणाऱ्याला दिलेल्या रकमा त्या नजरेनं बघा.

त्यानंतरचा क्रम चुकवू नका. आधी ऑडिटर ३सीबी आणि ३सीडी हे फॉर्म अपलोड करतो आणि तुम्ही ते पोर्टलवर मंजूर करता. मग चलन २८० ने सेल्फ असेसमेंट टॅक्स व्याजासह भरायचा. शेवटी आयटीआर-३, त्यात ऑडिट अहवालाची तारीख आणि क्रमांक येतो. Pending Actions मध्ये e-Proceedings उघडून नोटिशीला Agree म्हणायचं आणि हे आयटीआर-३ १३९(९) च्या उत्तरादाखल भरायचं, मूळ रिटर्नचा पोच क्रमांक आणि नोटिशीचा क्रमांक टाकून. फॉर्म ४ वरून ३ वर गेला म्हणून अडत नाही. उलट आयटीआर-४ मध्येच आकडा ५६.४० करून पुन्हा चढवायचा प्रयत्न लोक करतात, रोखीचा रकाना खरा भरला की तो तिथेच अडतो आणि चार दिवस वाया जातात. ई-व्हेरिफाय करायला विसरू नका. तेवढ्यासाठी अवैध ठरलेली रिटर्नं मी पाहिली आहेत.

ऑडिट अहवालाची मूळ मुदत मात्र गेलेली आहे. कलम २७१बी चा दंड जमेच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, यातला कमी तो. तुमचे होतात २८,२००. तो आपोआप लागत नाही, आधी कारणे दाखवा नोटीस येते आणि वाजवी कारण असेल तर कलम २७३बी खाली सुटकाही मिळते. पण तुमचं कारण वाजवी ठरेल याची मला फारशी खात्री नाही. जमा पन्नासच्या आत बसवलेली दिसत असताना 'मर्यादा माहीत नव्हती' हे म्हणणं कमकुवत पडतं. ही रक्कम बाजूला काढून ठेवा. स्वतःहून पूर्ण जमा दाखवली, कर आणि व्याज भरलं, ऑडिट करून घेतलं, हे मात्र २७०ए ची वेळ आलीच तर तुमच्या बाजूनं उभं राहतं.

एक गैरसमज जाता जाता काढतो. एकदा बाहेर पडलं की पाच वर्षं परत येता येत नाही, हा नियम ४४एडी चा, म्हणजे धंदेवाल्यांचा आहे. ४४एडीएत तसं बंधन नाही. २०२५-२६ मध्ये रोख पाच टक्क्यांत आणि जमा ७५ लाखांत असेल तर तुम्ही पुन्हा निम्म्या उत्पन्नाच्या योजनेत जाऊ शकता. त्या वर्षाला जुना १९६१ चाच कायदा लागतो. १ एप्रिल २०२६ पासून सुरू होणाऱ्या वर्षाला २०२५ चा नवा आयकर कायदा, तिथे कलमांचे क्रमांक बदललेले आहेत.

आणि २०२५-२६ साठी आणखी एक जबाबदारी तुमच्यावर येऊन बसली आहे, जिच्याबद्दल नोटीस एक शब्द बोलत नाही. आदल्या वर्षी व्यावसायिक जमा ५० लाखांवर गेली की पुढच्या वर्षी तुम्हालाच इतरांचा टीडीएस कापावा लागतो. ७५ लाखांच्या सवलतीत बसणाऱ्यालाही हे लागू आहे, तो कितीही निश्चिंत असला तरी. तुमच्याकडे हा विषय स्ट्रक्चरल कन्सल्टंटचा. त्याला वर्षात ५०,००० च्या वर फी दिली की १९४जे खाली दहा टक्के कापायचे, त्यासाठी टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक, काढायचा, तिमाही विवरण भरायचं. २०२५-२६ मध्ये न कापता पैसे देऊन मोकळे झाला असाल, तर योजनेबाहेरच्या वर्षी त्या खर्चाचा तीस टक्के भाग वजावटीत नामंजूर होतो. ६.२० लाखांवर ते १.८६ लाख. कन्सल्टंटनं ती फी स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवून त्यावर कर भरला असेल, तर त्याच्या सीएकडून फॉर्म २६ए घेऊन ही वजावट वाचवता येते, व्याज तेवढं भरावं लागतं. टॅनचा अर्ज याच आठवड्यात करा आणि कन्सल्टंटला आजच फोन करून त्याचं रिटर्न भरून झालंय का ते विचारा.